पाच पैशांची पायरी

हिशेबातून निघालेला भाव बाजारात जसाच्या तसा चालत नाही. आमचं सूत्र सांगतं १४२.३७, आणि निफ्टीच्या ऑप्शनला १४२.३५ कळतं, १४२.४० कळतं, मधलं काही कळत नाही. सूत्र म्हणतं २,१७९ नग घ्या, आणि करार सांगतो की ६५ च्या पटीत या. सूत्राचा आकडा आणि बाजाराला चालणारा आकडा यांच्यामध्ये एक छोटी फंक्शन बसलेली असते. ऑर्डर बांधणाऱ्या प्रोग्राममध्ये ती सगळ्यात शेवटी येते, पाच-सहा ओळींची असते आणि बहुतेक जण ती घाईत लिहून मोकळे होतात. मी गोंदियात बसून लोकांचे असे प्रोग्राम लिहितो आणि दुरुस्त करतो. कुणाचाही नवा कोड हातात आला की खरेदी-विक्रीचं सूत्र मी नंतर वाचतो, आधी ही फंक्शन शोधतो. तिच्यावरून लिहिणाऱ्याने बाजाराची किती ओळख करून घेतली आहे ते कळतं.

गोंदिया म्हणजे राइस मिलांचं गाव. इथे शेअर बाजारात रमणाऱ्यांत मिलवाले आहेत, धानाचे अडते आहेत, त्यांची शिकून परत आलेली मुलं आहेत. आपल्या धानाच्या भावाची जोखीम वायदे बाजारात उतरवावी, असं त्यांना वाटणं साहजिक आहे. पण सेबीने डिसेंबर २०२१ मध्ये बासमतीखेरीजच्या धानाचे वायदे बंद केले. मग ही मंडळी निफ्टीकडे आणि सोन्या-चांदीकडे वळतात. त्यांना गोल करण्याची कल्पना समजवायला मला वेळ लागत नाही. सरकारी खरेदी केंद्रावर धान ४० किलोच्या कट्ट्यात भरला जातो. ढीग कितीही असो, शेवटी काही किलो उरतातच, आणि त्या उरलेल्याचं काय करायचं हा प्रश्न काट्यावरच्या माणसाला रोज सोडवावा लागतो. लॉटचं तसंच आहे. फरक एवढाच की केंद्रावर उरलेला धान डोळ्यांना दिसतो आणि प्रोग्राममध्ये उरलेला भाग कुणी मुद्दाम लिहून ठेवला नाही तर गुपचूप नाहीसा होतो.

आधी भावाचं बघू. भावाची सगळ्यात लहान पायरी म्हणजे टिक. राष्ट्रीय शेअर बाजारात ती कित्येक वर्षं सरसकट पाच पैसे होती. गंमत अशी की पाच पैशांचं नाणं ३० जून २०११ पासून चलनातूनच गेलं, पडद्यावर मात्र ते दिवसभर खणखणत राहिलं. जून २०२४ मध्ये २५० रुपयांखालच्या शेअरांसाठी पायरी एक पैशाची झाली. १५ एप्रिल २०२५ पासून तर रोखीच्या बाजारात भावानुसार पूर्ण जिनाच बदलला: २५० च्या खाली एक पैसा, हजारापर्यंत पाच पैसे, पाच हजारांपर्यंत दहा पैसे, दहा हजारांपर्यंत पन्नास पैसे, वीस हजारांपर्यंत एक रुपया आणि त्याच्या वर पाच रुपये. लाखाच्या वरचा एमआरएफ आता पाच-पाच रुपयांनी चढतो-उतरतो. ऑप्शनची पायरी मात्र पाच पैशांचीच राहिली.

या बदलाने जुन्या प्रोग्रामांत दोन तऱ्हेचे बिघाड झाले, आणि त्यांतला मोठा बिघाड लोकांना दिसला नाही. समजा कोडमध्ये `0.05` कायमचं लिहून ठेवलं आहे. दीड हजाराच्या शेअरची पायरी आता दहा पैशांची आहे. १५२०.३५ ची ऑर्डर बाजार परत पाठवतो, १५२०.४० ची घेतो. म्हणजे साधारण निम्म्या ऑर्डरी जातात, निम्म्या परत येतात. चाचणीला चार ऑर्डरी टाकल्या आणि चारही योगायोगाने गेल्या तर माणूस म्हणतो, चालतंय की. मग ऐन घाईच्या वेळी पाचवी परत येते. तरी हा बिघाड बरा, कारण तो ओरडून सांगतो. दुसरा बिघाड शांत आहे. एकशेचाळीसच्या शेअरची पायरी एक पैशाची, आणि आपला कोड पाच पैशांनी गोल करतोय. पाच पैशांचा प्रत्येक आकडा एका पैशाच्या पटीत असतोच, त्यामुळे एकही ऑर्डर परत येत नाही. फक्त आपली खरेदी १४०.३५ वर बसते आणि शेजारचा १४०.३६ लावून रांगेत आपल्या पुढे उभा राहतो. महिनोन्‌महिने ऑर्डरी लागत नाहीत आणि मालक म्हणतो, बाजारच पातळ झालाय.

म्हणून भावावरून टिक ठरवणारी ओळ कोडमध्ये नको, हे माझं पक्कं मत आहे. वरची जी पायऱ्यांची यादी मी दिली ती वाचकाच्या समजुतीसाठी, प्रोग्राममध्ये टाकण्यासाठी नव्हे. टिक ही कराराची गोष्ट आहे, क्षणाच्या भावाची नव्हे. बाजार महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा बंद भाव बघून पुढच्या महिन्याची पायरी ठरवतो. शेअर मध्येच २४८ चा २५४ झाला म्हणून त्याच दुपारी पायरी बदलत नाही. आमच्या जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. तिरोड्याला ज्या कंपनीचं वीज केंद्र आहे त्या अदानी पॉवरच्या एका शेअरचे सप्टेंबर २०२५ मध्ये पाच झाले. सातशेच्या आसपासचा शेअर एका सकाळी दीडशेच्या घरात उघडला. `if price < 250` असं लिहिणाऱ्या कोडने त्या सकाळी स्वतःच्या मनाने पायरी बदलली असणार. खरी पायरी त्या दिवशी किती, याचं उत्तर एकाच ठिकाणी असतं: दलाल रोज सकाळी नवी करून देतो त्या करारांच्या यादीत. ती फाइल बाजार उघडण्याआधी उतरवायची, तिच्यातला `tick_size` आणि `lot_size` वाचायचा, आणि फाइल कालचीच असेल तर प्रोग्रामने काम सुरूच करायचं नाही.

फाइल वाचतानाही एक खड्डा आहे. एका दलालाच्या यादीत पाच पैशांची टिक `0.05` अशी असते, दुसऱ्याच्या यादीत `5.000000` अशी, कारण तिथे हिशेब पैशांत असतो. दलाल बदलला आणि फक्त फाइलचा पत्ता बदलून काम भागवलं, तर प्रोग्राम पाच-पाच रुपयांनी गोल करू लागतो. पाच रुपयांचा प्रत्येक आकडाही पाच पैशांच्या पटीत असतो, म्हणजे हाही बिघाड शांतच. मी फाइल वाचल्यावर ओळखीचे चार-पाच करार काढून त्यांची टिक डोळ्यांनी बघतो. हे यंत्राकडून करून घेता येतं, पण या एका ठिकाणी मला माझे डोळे जास्त भरवशाचे वाटतात.

आता गोल करायचं म्हणजे कोणत्या बाजूला, हा खरा कारागिरीचा भाग. नवखा माणूस जवळच्या पायरीवर गोल करतो. शाळेत तसं शिकवलंय. पण ऑर्डर ही मोजणी नाही, ती बोली आहे. मी १४२.३७ पेक्षा जास्त द्यायला तयार नाही, असं सूत्राने ठरवलं असेल, तर १४२.४० लावणं म्हणजे माझ्या परवानगीशिवाय तीन पैसे जास्त देणं. खरेदीची मर्यादा खाली गोल करायची, विक्रीची वर. हा झाला पहिला नियम, आणि पुष्कळ लोक इथेच थांबतात.

इथे थांबून चालत नाही, कारण दिशा खरेदी-विक्रीवरून ठरत नाही, हेतूवरून ठरते. रांगेत शांत बसून मिळाला तर घेऊ, अशी ऑर्डर असेल तर खरेदी खाली. पण कधी कधी भाव फुटला, आता आत शिरायचंच आहे, अशी ऑर्डर असते. तिथे समोरच्या विक्रेत्याच्या भावापर्यंत पोचायला मर्यादा वर गोल करावी लागते. एक पायरी खाली राहिलात तर बाजार निघून जातो आणि आपण रांगेत उभे. तोटा थांबवणाऱ्या ऑर्डरीला तर दोन भाव असतात. एक ट्रिगर, म्हणजे जिथे ऑर्डर जागी होते. दुसरी मर्यादा, म्हणजे जिथपर्यंत ती विकायला तयार आहे. विक्रीत ट्रिगर मर्यादेच्या बरोबर किंवा वर असायला हवा. ट्रिगर खाली गोल केला आणि मर्यादा वर, आणि दोघांत अंतर एका पायरीहून कमी असेल, तर ते एकमेकांना ओलांडू शकतात आणि मग ऑर्डर परत येते. म्हणून मी ट्रिगर आधी गोल करतो आणि मर्यादा त्या गोल झालेल्या ट्रिगरपासून पायऱ्या मोजून काढतो: चाळीस पायऱ्या खाली, साठ पायऱ्या खाली, जे ठरलं असेल ते. पुन्हा गोल करायची वेळच येत नाही. दिवसाच्या वरच्या-खालच्या मर्यादेजवळ आणखी एक काळजी घ्यायची: तिथे गोल करताना नेहमी आतल्या बाजूला यायचं, हेतू काहीही असो.

दिशा ठरली तरी यंत्राचा स्वतःचा एक स्वभाव आहे. संगणक दशांश अपूर्णांक दोनाच्या पद्धतीत साठवतो आणि ०.०५ त्याला नेमका साठवता येत नाही. मुदतीच्या दिवशी दुपारी ऑप्शन १५ पैशांवर येतात, तेव्हा हे उघडं पडतं. पायथनला `0.15 / 0.05` विचारलं तर तो `2.9999999999999996` सांगतो. त्याला खाली गोल केलं की दोन. दोन पायऱ्या म्हणजे दहा पैसे. मुळात बरोबर असलेला भाव एका पायरीने घसरला, आणि १५ पैशांच्या मालावर एक पायरी म्हणजे तिसरा हिस्सा. उलट बाजूने `3 * 0.05` विचारलं तर उत्तर येतं `0.15000000000000002`. हा आकडा कुठल्या हिशेबातून आला आणि आपण विक्रीसाठी वर गोल केला, तर तो वीस पैशांवर जातो. जवळच्या पायरीवर गोल करणाऱ्यांना हा त्रास होत नाही. त्यांचा त्रास वेगळा. पायथनची `round` बरोब्बर मधल्या आकड्याला सम संख्येकडे ढकलते: अडीचचे दोन, साडेतीनचे चार. एकदा खाली, एकदा वर. हिशेबाच्या वहीत ते न्याय्य असेल, बोलीत नाही.

मी वापरतो ती फंक्शन साधारण अशी आहे:

```python
from decimal import Decimal, ROUND_FLOOR, ROUND_CEILING

def to_tick(price, tick, up):
    p = Decimal(str(round(price, 6)))
    t = Decimal(str(tick))
    mode = ROUND_CEILING if up else ROUND_FLOOR
    return (p / t).to_integral_value(rounding=mode) * t
```

पहिल्या ओळीतलं `round(price, 6)` ही धूळ झटकणं आहे. सहाव्या घरापलीकडे जे काही आहे ते भावाचं नसून यंत्राचं आहे, एवढंच ती ओळ म्हणते. ती काढली तर `Decimal` वापरूनही वरचा वीस पैशांचा घोटाळा होतोच, कारण धुळीसकट आकडा त्याच्या हाती गेलेला असतो. आणि `up` हे खरेदी आहे की विक्री ते सांगत नाही. बोलावणाऱ्याने हेतू ठरवून यायचं, या फंक्शनने अंदाज करायचा नाही, म्हणून ते नाव तसं ठेवलं आहे. तपासणी सोपी आहे. पाच पैशांपासून पाचशे रुपयांपर्यंत प्रत्येक पायरी या फंक्शनमधून वर आणि खाली दोन्ही बाजूंनी काढायची. जो भाव आधीच पायरीवर आहे तो जागचा हलता कामा नये. साध्या भागाकाराने लिहिलेली फंक्शन या परीक्षेत १५ पैशांवरच नापास होते.

आता लॉट. इथे खाली गोल करा, एवढं सांगून सुटका होत नाही, कारण लॉट फार मोठा आहे. सेबीने ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाने निर्देशांकाच्या कराराची किमान किंमत १५ लाख केली. निफ्टीचा लॉट २५ चा होता तो त्या वर्षी नोव्हेंबरपासून आलेल्या नव्या करारांना ७५ झाला, आणि ३० डिसेंबर २०२५ च्या मुदतीनंतर ६५. समजा निफ्टी २५,००० वर आहे. ६५ चा एक लॉट म्हणजे सव्वासोळा लाखांचा माल. आमच्याकडच्या एखाद्या मिलवाल्याचे २४ लाखांचे शेअर आहेत आणि पडझडीपासून बचाव म्हणून त्याला तेवढ्याच किमतीचा निफ्टीचा वायदा विकायचा आहे. भागाकार येतो १.४८. एक लॉट विकला तर पावणेआठ लाखांचा माल उघडा राहिला. दोन विकले तर साडेआठ लाखांचा जास्तीचा माल विकला गेला. आता तो बचाव उरला नाही, तो पडझडीवर लावलेला पैसा झाला. लॉट २५ चा होता तेव्हा हाच माणूस चार लॉट विकून एका लाखाच्या फरकात बसला असता.

हे मी एकाला कागदावर मांडून दाखवलं तेव्हा त्याने विचारलं, “मग मशीन काहून एकच घेते? मी तर दोन समजून होतो.”

प्रश्न चोख होता. यंत्र एक घेत होतं कारण कुणीतरी `int()` लिहिलं होतं आणि ते शेपूट कापतं. आठ लाखांचा निर्णय एका कंसात घेतला गेला होता आणि मालकाला त्याची खबर नव्हती. बचावाच्या ऑर्डरीत मी आता यंत्राला गोल करूच देत नाही. ते दोन्ही पर्याय, उघडा राहणारा आणि जास्तीचा, रुपयांत दाखवतं, आणि माणूस निवडतो. माझ्या मते लहान गावातल्या लहान रकमांना गोल करण्याचा मार मोठ्या फंडांहून जास्त बसतो. शंभर लॉटवाल्याला अर्धा लॉट इकडे-तिकडे झाला तरी दोनशेत एक. दीड लॉटवाल्याला तो तिसरा हिस्सा.

नव्या खरेदीसाठी मात्र खालीच गोल करायचं, आणि खाली गोल केल्यावर शून्य आलं तर शून्यच. बऱ्याच कोडमध्ये `max(1, n)` ही ओळ सापडते. लिहिणाऱ्याला वाटलं, निदान एक तरी लॉट जाऊ दे, शून्याची ऑर्डर कशी पाठवायची. पण सूत्राने जोखीम मोजून ०.४ लॉट सांगितले होते, आणि ही ओळ त्याच्या अडीचपट घेते. तीही नेमकी त्या दिवशी, ज्या दिवशी बाजार सगळ्यात उसळलेला असतो, कारण उसळलेल्या बाजारातच आकडा एकाच्या खाली येतो.

एक उदाहरण पूर्ण करून बघू. निफ्टीचा एक कॉल घ्यायचा आहे. सूत्राने आत शिरायचा भाव दिला १४२.३७, तोटा थांबवायचा भाव १२४.२८, आणि या एका सौद्यात जास्तीत जास्त ४०,००० रुपये गमवायची तयारी आहे. अंतर १८.०९. चाळीस हजाराला त्याने भागलं तर २,२११ नग येतात, म्हणजे ६५ चे ३४ लॉट, २,२१० नग. बरेच प्रोग्राम इथे संख्या नक्की करतात आणि मग भाव गोल करायला जातात. आता भाव गोल करू. आत शिरायचंच आहे, म्हणून १४२.३७ वर जाऊन १४२.४०. ट्रिगर लवकर जागा झालेला बरा, म्हणून १२४.२८ वर जाऊन १२४.३०. अंतर झालं १८.१०. एकच पैसा वाढला. पण २,२१० ला १८.१० ने गुणलं की ४०,००१ रुपये होतात. ठरवलेली मर्यादा एका रुपयाने ओलांडली गेली. नव्या अंतराने भागलं तर २,२०९ आणि वर काही येतं, ३४ लॉटला एक नग कमी. त्यामुळे ३३ लॉट, २,१४५ नग.

एका रुपयासाठी एक अख्खा लॉट सोडायचा का? व्यवहारात कुणीही म्हणेल, जाऊ दे रुपया. मीही मालक असतो तर म्हटलं असतं. पण प्रोग्राममध्ये ते लिहायचं तर किती रुपयांपर्यंत जाऊ द्यायचं तेही लिहावं लागतं, आणि मग ती सूटच नवी मर्यादा होते. तेव्हा क्रम बदलायचा नाही: आधी भाव, मग गोल झालेल्या भावांवरून अंतर, मग संख्या. उलट्या क्रमाने केलं तर रोज असा घात होत नाही. शांत बसणाऱ्या ऑर्डरीत खरेदी खाली आणि ट्रिगर वर गोल होतो, अंतर आकसतं आणि चूक आपल्या बाजूने पडते. म्हणूनच ती वर्षानुवर्षं लपून राहते.

२,१४५ नग ठरले तरी ते एका ऑर्डरीत जात नाहीत. एका ऑर्डरीत जास्तीत जास्त किती नग, याचीही बाजाराने मर्यादा घातलेली आहे आणि निफ्टीसाठी ती १,८०० आहे. त्याच्या वरची ऑर्डर तुकडे करून पाठवावी लागते. आता हे बघा: लॉट २५ चा असताना १,८०० म्हणजे बरोब्बर ७२ लॉट. ५० चा असताना ३६. ७५ चा असताना २४. इतकी वर्षं ही मर्यादा लॉटच्या पटीतच होती, त्यामुळे ‘१,८०० चे तुकडे पाड’ असं लिहिलेला कोड प्रत्येक बदलातून सुखरूप निघाला. १,८०० ला ६५ ने भागलं तर २७ लॉट होतात आणि ४५ नग उरतात. त्या कोडने आमच्या उदाहरणात पहिला तुकडा १,८०० चा केला आणि दुसरा ३४५ चा. दोन्ही ६५ च्या पटीत नाहीत. दोन्ही परत. एकूण संख्या अगदी बरोबर आणि तरी एकही नग विकत घेतला गेला नाही. लॉटची संख्या फाइलमधून वाचणारे, काळजी घेणारे लोकही इथे अडकले असतील, कारण त्यांनी गोल केलं ते तुकडे पाडण्याच्या आधी.

```python
def slices(qty, lot, freeze):
    n, step = qty // lot, freeze // lot
    while n > 0:
        k = min(n, step)
        yield k * lot
        n -= k
```

तुकडे नगांत नव्हे, लॉटमध्ये पाडायचे. सत्तावीस लॉट म्हणजे १,७५५, आणि उरलेले सहा म्हणजे ३९०. बेरीज २,१४५. लॉट उद्या कितीही झाला तरी हे हलत नाही.

लॉट कराराबरोबर फिरतो, नावाबरोबर नाही, हेही इथेच सांगायला हवं. डिसेंबर २०२४ च्या अखेरच्या दिवसांत एकाच पडद्यावर २६ डिसेंबरच्या मुदतीचा निफ्टी २५ च्या लॉटचा होता आणि २ जानेवारीचा ७५ चा. ज्यांनी `lot["NIFTY"]` असं एकच घर ठेवलं होतं त्यांना दोनपैकी एका करारात चुकीचा आकडा मिळणार होता. ७५ चा आकडा २५ च्या करारात चालून जातो, कारण तो पटीत आहे. उलटं चालत नाही. पुन्हा तेच: एक बाजू ओरडते, दुसरी गप्प बसते. चांदीच्या मोठ्या वायद्यात तर एककाचाच घोळ आहे. करार ३० किलोचा. ऑर्डरीत संख्या लॉटमध्ये लिहायची की किलोत, हे दलालाच्या जोडणीप्रमाणे वेगळं असू शकतं. लॉट मागणाऱ्या ठिकाणी कुणी ३० लिहिले तर ते ९०० किलो होतात.

हे सगळं पकडायचं कसं, तर वही ठेवून. प्रत्येक ऑर्डरीसोबत मी एक ओळ लिहवून घेतो: सूत्राचा कच्चा भाव, वाचलेली टिक, दिशा, पक्का भाव, कच्ची संख्या, लॉट, पक्की संख्या, आणि उरलेला भाग रुपयांत. परत आलेल्या ऑर्डरी तर कुणीही मोजतं. गप्प बिघाड सापडतो तो पाठवलेल्या भावांच्या शेवटच्या आकड्यावरून. एक पैशाच्या पायरीच्या शेअरमध्ये महिनाभराच्या भावांचे शेवटचे आकडे फक्त शून्य आणि पाच असतील, तर कुठेतरी जुनी `0.05` जिवंत आहे. कच्चा आणि पक्का भाव यांच्यातल्या फरकाला रोज एकच चिन्ह असेल तर दिशा हेतूवरून ठरत नाही, कुणीतरी ती कायमची बांधून ठेवली आहे. फरक कधी एका पायरीएवढा किंवा त्याहून जास्त दिसला तर धूळ झटकलेली नाही किंवा टिक चुकीच्या एककात वाचली आहे.

आणखी एक जागा वहीत येत नाही, कारण ती आपल्या यंत्रावर नसतेच. भाव इतका झाला की ऑर्डर टाक, अशा महिनोन्‌महिने दलालाकडे पडून राहणाऱ्या सूचना. शेअर ९८० ला असताना कुणी १,०४०.३५ ची विक्री लावून ठेवली. त्या दिवशी पायरी पाच पैशांची, सूचना बिनतक्रार स्वीकारली गेली. महिन्याच्या शेवटच्या दिवशी शेअर हजाराच्या वर बंद झाला, पुढच्या महिन्यापासून पायरी दहा पैशांची झाली. भाव १,०४० ला पोचेल तेव्हा सूचना जागी होईल, ऑर्डर जाईल आणि परत येईल. महिन्याच्या पहिल्या दिवशी बाजार उघडण्याआधी मी पडून असलेल्या सगळ्या सूचना ओढून घेतो, त्या दिवशीच्या फाइलमधल्या टिकने भागतो, आणि ज्यांची बाकी शून्य येत नाही त्या रद्द करून नव्याने लावतो. मिलवाल्यांचे फोन साधारण त्याच वेळी येतात. सव्वानऊ वाजेपर्यंत मी उचलत नाही.